फिट आली, तर घड्याळ कुठे थांबवायचं?

शाळेत मूल आकडी येऊन पडलं आणि त्याला दवाखान्यात नेलं, की सोबत आलेल्या शिक्षकांना डॉक्टर हमखास एक प्रश्न विचारतात : फिट किती वेळ होती? उत्तर बहुतेक वेळा असं येतं, ‘अर्धा तास तरी असेल, साहेब.’ शिक्षक खोटं बोलत नसतात. मूल पडल्यापासून ते डोळे उघडून ‘बाई’ म्हणेपर्यंत खरंच अर्धा तास गेलेला असतो. पण त्यातली फिट जेमतेम दीड-दोन मिनिटांची असते. उरलेला वेळ मूल थकून झोपलेलं असतं. डॉक्टरांच्या कानावर मात्र अर्ध्या तासाची फिट पडते. अर्ध्या तासाची फिट हा जिवावरचा प्रकार असल्यामुळे दाखल करून घेण्यापासून रोजच्या गोळ्या वाढवण्यापर्यंतचे निर्णय त्या एका आकड्यावर फिरू शकतात.

फिटच्या प्रथमोपचाराबद्दल मराठीत आता बरंच लिहिलं जातं. तोंडात चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा, हे बहुतेक माहितीपत्रकांत असतं आणि ते बरोबरच आहे. अडतं ते पुढे. फिट सुरू होणं, फिट थांबणं आणि माणूस शुद्धीवर येणं या तीन वेगवेगळ्या वेळा आहेत, आणि काय करायचं ते या तीन वेळांवरून ठरतं, हे फारसं कुणी सांगत नाही. शब्दही तसे हाताशी नसतात. म्हणून या सगळ्या सल्ल्याकडे आणि त्यात वापरल्या जाणाऱ्या शब्दांकडे घड्याळाच्या बाजूने पाहू.

दोन मिनिटांत काय काय होतं

फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जी येते तिला डॉक्टरांच्या कागदावर ‘जीटीसीएस’ किंवा ‘टॉनिक-क्लॉनिक’ लिहिलेलं असतं. जुन्या फायलींत तिचंच नाव ‘ग्रँड माल’ असे. तिची सुरुवात ताठ होण्याने होते. सगळं अंग लाकडासारखं कडक होतं, माणूस उभ्याचा आडवा होतो आणि कधी कधी तोंडातून मोठा, विचित्र आवाज निघतो. ती वेदनेची किंकाळी नसते. छातीचे स्नायू एकदम आवळले जाऊन आतली हवा घशातून बाहेर ढकलली जाते, त्याचा तो आवाज. या दहा-वीस सेकंदांत श्वास अडकतो, ओठ निळसर पडतात. जीभ चावली जायची असेल तर ती याच वेळी, जबडा पहिल्यांदा आवळतो तेव्हा.

मग आचके सुरू होतात. हातपाय तालात झटकले जातात, तोंडाला फेस येतो, कधी लघवी होते. आचक्यांमधलं अंतर हळूहळू वाढत जातं आणि एक शेवटचा आचका देऊन ते थांबतात. इथवर साधारण एक ते तीन मिनिटं गेलेली असतात. अंग सैल पडतं, घोरल्यासारखा खोल श्वास सुरू होतो, ओठांचा रंग परत येऊ लागतो. फिट इथे संपली. घड्याळ इथे थांबवायचं.

यानंतरच्या अवस्थेला डॉक्टर ‘पोस्ट-इक्टल’ म्हणतात. आपण ‘फिटनंतरची ग्लानी’ म्हणू. ती दहा मिनिटं असेल, तासभरही असेल. मूल जागं झालं तरी गोंधळलेलं असतं, रडतं, ओळखीच्या माणसालाही ढकलतं, डोकं दुखतं म्हणतं. कधी एक हात किंवा पाय काही काळ लुळा पडतो आणि घरचे ‘पॅरालिसिस झाला’ म्हणून हादरतात. असं झालं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, पण फिटनंतरचा असा लुळेपणा बहुधा काही तासांत, फार तर दीड-दोन दिवसांत जातो. तर शिक्षकांनी टिपायच्या वेळा तीन : पडल्याची, आचके थांबल्याची, आणि हाकेला नीट उत्तर दिल्याची.

दातखीळ, चमचा आणि कांदा

आपल्याकडे सगळ्यांत घातक ठरलेला शब्द ‘दातखीळ’ असावा. दातखीळ बसली म्हटलं की ती उघडायचीच, असं हातांना आपोआप वाटतं. मग चमचा येतो, उलथन्याचा दांडा येतो, कुणी बोटं घालतं. दात तुटतो, तुटलेला तुकडा श्वासनलिकेत जाण्याची भीती, आणि बोटं घालणाऱ्याची बोटं चांगलीच फाटतात. शिवाय जीभ वाचवायची म्हणून चमचा आणेपर्यंत ती चावली जाण्याचा क्षण निघून गेलेला असतो. जीभ गिळली जात नाही. ती तळाशी जोडलेली असते. कडेला चावलेली जीभ बहुधा आपोआप भरून येते. जबडा आचक्यांसोबत आवळला जातो आणि आचके थांबले की आपोआप सुटतो. त्याला हात लावू नये.

कांद्याचं आणि चपलेचं गणित सोपं आहे. बहुतेक फिट दोन मिनिटांत आपोआप थांबते. गर्दी जमायला, कुणीतरी चप्पल काढायला, ती नाकाशी धरायला तेवढाच वेळ लागतो. फिट थांबते आणि श्रेय चपलेला जातं. मुठीत किल्ल्यांचा जुडगा देण्याचंही तेच. या उपायांनी फिट वाढत नाही, हे खरं. पण त्या दोन मिनिटांत डोक्याखाली काही मऊ ठेवायचं आणि घड्याळ पाहायचं राहून जातं, आणि मुलाच्या वाट्याला गावाच्या आठवणीत कायमची चप्पल येते.

करायचं ते थोडं आहे. वेळ पाहा. डोकं आपटणार नाही असं घडी केलेलं कापड, स्वेटर, काहीच नसेल तर आपला तळवा डोक्याखाली ठेवा. बाक, कंपासपेटी, गरम भांडं, चूल, जे लागेल ते दूर सारा. माणसाला तेव्हाच हलवा, जेव्हा तो रस्त्यावर, विस्तवाजवळ, पाण्यात किंवा जिन्याच्या टोकाशी असेल. टायचा गाठीपाशी फास असतो आणि ओळखपत्राची दोरी मानेभोवती असते. ती दोन्ही आधी सोडवा, चष्मा काढा. हातपाय दाबून धरू नका. आचक्यांची ताकद एवढी असते की दाबून धरलेल्या खांद्याचा सांधा निखळू शकतो. शक्य झालं तर आचके चालू असतानाच, नाही तर ते मंदावताच, हळूच कुशीवर वळवा. लाळ आणि उलटी बाहेर पडायला वाट मिळावी यासाठी हे आहे. जुन्या पत्रकांत ‘आचके पूर्ण थांबल्यावर कुशीवर’ असं असे. आताचा सल्ला जमेल तितक्या लवकर वळवा असा आहे, पण त्यासाठी झटापट करू नका.

पाणी, साखर, गोळी, काहीही तोंडात घालायचं नाही, ते मूल आपलं नाव नीट सांगेपर्यंत. पाणी शिंपडण्याने काही साधत नाही. माणूस पाण्यात असेल तर डोकं वर धरा, आचके थांबले की बाहेर काढा, आणि नंतर ठीक दिसला तरी दवाखान्यात न्याच, कारण छातीत पाणी गेलेलं असू शकतं.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायची. आचके थांबल्यावर श्वास नीट सुरू झाला का? छाती वरखाली होतेय का, दहा सेकंद पाहा. हृदय अचानक बंद पडलेला माणूसही पडताना काही सेकंद आचके देतो आणि मग उचकी लागल्यासारखे तुटक श्वास घेतो. आचके थांबले आणि नेहमीसारखा श्वास नाही, तर ती फिटनंतरची ग्लानी नव्हे. लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची आणि १०८ला फोन.

पाच मिनिटं कुठून आली

पूर्वी डॉक्टरांच्या पुस्तकांत न थांबणाऱ्या फिटची व्याख्या ३० मिनिटांची होती. तिचं नाव ‘स्टेटस एपिलेप्टिकस’; कागदावर नुसतं ‘स्टेटस’ लिहितात. अपस्मारावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयएलएईने, २०१५मध्ये ही व्याख्या दोन वेळांत विभागली. टॉनिक-क्लॉनिक फिट ५ मिनिटांपलीकडे गेली तर ती आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते, म्हणून उपचार तिथे सुरू करायचा. ३० मिनिटांपलीकडे मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणजे पाच मिनिटं ही इजेची रेषा नाही, हालचाल करण्याची रेषा आहे. पाचवं मिनिट उलटलं म्हणून घाबरून जायचं कारण नाही, आणि ‘अजून थोडं पाहू’ म्हणायचंही नाही.

१०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४पासून आहे. पाच मिनिटं झाली की तिला फोन. पहिल्यांदाच फिट आली असेल, एक फिट थांबून शुद्धीवर येण्याआधी दुसरी सुरू झाली असेल, डोक्याला मार लागला असेल, बाई गरोदर असेल किंवा माणसाला मधुमेह असेल, तर घड्याळ न पाहताच फोन. माझं मत असं, की जिथे गाडी यायला अर्धा तास लागतो अशा गावात तिसऱ्या मिनिटालाच फोन लावावा. फिट थांबली तर पुन्हा फोन करून तसं सांगता येतं.

फोनवर काय सांगायचं, इथे आपले शब्द गोंधळ घालतात. ‘झटका आला’ म्हटलं तर हृदयविकाराचा झटका, विजेचा झटका आणि आकडी, तिन्ही त्यात बसतात. ‘चक्कर आली’ म्हटलं तर समोरच्याला साधी भोवळ वाटते. मिरगी, फेफरं, आकडी यांपैकी कुठला शब्द ऐकणाऱ्याच्या घरात चालतो याचा नेम नाही. ‘फिट’ त्यातल्या त्यात सगळीकडे कळतं. पण सगळ्यांत सुरक्षित म्हणजे दिसतंय ते सांगणं : ‘नऊ वर्षांचा मुलगा, खाली पडलाय, सगळे हातपाय झाडतोय, हाकेला उत्तर नाही, पाच मिनिटं झाली, अजून चालू आहे.’ हे वाक्य शाळेच्या टेलिफोनशेजारी चिकटवून ठेवायला हरकत नाही.

ज्या मुलाला अपस्मार आहे हे माहीत आहे, ज्याची फिट नेहमी दोन मिनिटांत थांबते आणि आजही थांबली, त्याला मात्र दर वेळी दवाखान्यात पळवायची गरज नसते. त्याला झोपू द्यावं, जवळ कुणीतरी बसावं, घरी कळवावं. जाग आल्यावर बरं वाटत असेल तर ते मूल उरलेल्या तासांना बसू शकतं. दर फिटला घरी पाठवलं जाणारं मूल अभ्यासात मागे पडतं ते फिटमुळे कमी आणि घरी पाठवल्यामुळे जास्त.

फळ्याच्या कोपऱ्यातली वेळ

आता एक प्रसंग बारकाईने पाहू. तो एका कुणाचा नाही. अशा प्रसंगांत जे जे घडतं ते एकत्र करून मांडलेला आहे. चौथीचा वर्ग, गणिताचा तास. मुलगा नऊ वर्षांचा, वजन २५ किलो. त्याला अपस्मार असल्याचं शाळेला माहीत आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलेली आहे : फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली तर मिडाझोलामचा नाकातला स्प्रे. बाटली आणि चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या कपाटात, एकाच पाकिटात.

मुलगा बाकावरून घसरतो. बाई फळ्याच्या कोपऱ्यात ११.४० लिहितात. खडू हातातच असतो आणि फळ्यावरची वेळ नंतर कुणाला आठवावी लागत नाही. मॉनिटर पाकीट आणायला पळतो, बाकीच्या मुलांना शेजारच्या बाई व्हरांड्यात नेतात. टाय सैल, डोक्याखाली स्वेटर. तीन मिनिटांत पाकीट येतं. बाई चिठ्ठी वाचतात आणि बाटली तपासतात : नाव, मुदत, आणि एका फवाऱ्यात किती औषध. ११.४४ला मुख्याध्यापक १०८ लावतात. ११.४५ झाले, आचके चालूच. चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे स्प्रे दिला जातो, अर्धे फवारे एका नाकपुडीत, अर्धे दुसरीत. ११.४८ला आचके थांबतात. फळ्यावर दुसरी वेळ. मुलाला कुशीवर वळवून बाई त्याच्या छातीकडे पाहत बसतात. १२.२०ला तो आपलं नाव सांगतो. तोवर रुग्णवाहिका आलेली असते आणि डॉक्टरांना जे सांगितलं जातं ते असं : आचके आठ मिनिटं, पाचव्या मिनिटाला स्प्रे, तीन मिनिटांत थांबली, नंतर बत्तीस मिनिटं ग्लानी. ‘पाऊण तास फिट’ आणि हे वर्णन, दोन्ही एकाच मुलाची.

यात चुकण्याची सगळ्यांत मोठी जागा फवाऱ्यांची संख्या. नाकातल्या मिडाझोलामचा नेहमीचा हिशेब दर किलोला ०.२ मिलिग्रॅमचा. २५ किलोला ५ मिलिग्रॅम. आपल्याकडे मिळणारे स्प्रे मात्र दोन ताकदींचे आहेत : काहींच्या एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम औषध असतं, काहींच्या १.२५. पहिल्या बाटलीचे दहा फवारे द्यावे लागतील, दुसरीचे चार. चिठ्ठीवर नुसतं ‘१० फवारे’ लिहिलेलं असेल आणि औषधाच्या दुकानातून दुसरी बाटली आली, तर मुलाला १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच पट औषध जाईल आणि श्वास मंदावण्याचा धोका. उलट चुकलं तर २ मिलिग्रॅमच जाईल आणि फिट थांबणार नाही. म्हणून चिठ्ठीवर तिन्ही गोष्टी हव्यात : एकूण मिलिग्रॅम, कोणत्या ताकदीची बाटली, तिचे किती फवारे. हा हिशेब शिक्षकांनी करायचा नाही. तो डॉक्टरांचा आहे. शिक्षकांनी बाटली आणि चिठ्ठी जुळते का एवढं पाहायचं, आणि नाही जुळली तर त्याच दिवशी पालकांना सांगायचं, फिट येण्याची वाट न पाहता.

नवी बाटली वापरण्याआधी फवारा नीट येईपर्यंत ती हवेत दाबून पाहावी लागते. हेही आधीच, शांत वेळी समजून घ्यावं. चिठ्ठीत लिहिलं नसेल तर दुसरा डोस द्यायचा नाही. पूर्वी गुदद्वारातून डायझेपाम देत. ते औषध चांगलं आहे, पण चाळीस मुलांच्या वर्गात ते देणं कुणाला जमणार? नाकातल्या स्प्रेमुळे ही अडचण सुटली.

न पडणारी फिट

आतापर्यंतचं सगळं पडणाऱ्या माणसाबद्दल झालं. शाळेत मात्र फिट ओळखण्याचं काम जास्त अवघड असतं ते मूल पडत नाही तेव्हा.

शुद्धलेखनाची वही पाहा. मुलीचं अक्षर सुरेख, काना-मात्रा बरोबर, पण एका वाक्यात मधले दोन शब्दच नाहीत आणि पुढचं वाक्य पुन्हा व्यवस्थित. तीन ओळींनंतर पुन्हा तसंच. बाई ‘लक्ष कुठे असतं?’ म्हणून रागावतात. हा ‘अ‍ॅब्सेन्स’ प्रकार असू शकतो; जुनं नाव ‘पेटी माल’. पाच ते वीस सेकंद मूल एकटक पाहतं, पापण्या किंचित फडफडतात, हातातली पेन्सिल तशीच राहते, आणि मग जणू काही झालंच नाही अशा रीतीने ते पुढे लिहू लागतं. दिवसातून कित्येकदा. दिवास्वप्नात हरवलेलं मूल खांद्याला हात लावला की भानावर येतं. हे येत नाही, आणि हे बोलता-बोलता, डबा खाता-खाताही होतं. प्रथमोपचार काही नाही. गाळलेलं वाक्य पुन्हा सांगायचं, आणि आठवडाभर दिवसाला किती वेळा झालं ते टिपून पालकांच्या हाती द्यायचं. निदानाला ती नोंद फार उपयोगी पडते.

दुसरा प्रकार ‘फोकल’. यात फिट मेंदूच्या एका भागातून सुरू होते. फक्त एक हात झटकला जाईल, किंवा पोटातून काहीतरी वर येतंय असं वाटेल, कसला तरी वास येईल, आणि मूल पूर्ण शुद्धीत असेल. अशी जाणीव कधी मोठ्या फिटची पूर्वसूचना असते; तिला डॉक्टर ‘ऑरा’ म्हणतात. मूल ‘बाई, मला तसं होतंय’ म्हणालं तर त्याला लगेच जमिनीवर बसवावं. कधी भान जातं पण मूल उभंच राहतं : ओठ चाटतं, शर्टाची बटणं चाळवतं, वर्गातून उठून चालू लागतं. त्याला ओरडून उपयोग नाही, दंड धरून बसवू तर नयेच. आवळून धरलं की ते झटापट करतं, आणि मग ‘मुलाने शिक्षकांना मारलं’ अशी नोंद होते. जिन्यापासून, रस्त्यापासून वळवत त्याच्यासोबत चालायचं, हळू आवाजात बोलत. एक-दोन मिनिटांत ते ओसरतं.

या प्रकारांची नावं गेल्या काही वर्षांत दोनदा बदलली. २०१७मध्ये ‘कॉम्प्लेक्स पार्शल’ हे नाव गेलं आणि ‘भान हरपलेली फोकल’ अशा अर्थाचं नाव आलं. २०२५च्या सुधारणेत मूल प्रतिसाद देतं का, यालाही भान ठरवताना महत्त्व मिळालं. नावं डॉक्टरांवर सोपवा. पण त्यामागची चाचणी शिक्षकांना सहज करता येते. फिट चालू असताना मुलाला म्हणा, ‘हात वर कर’, आणि एक शब्द सांगा, ‘आंबा’. हात वर झाला का, हे तेव्हाच कळतं. कोणता शब्द सांगितला होता, हे नंतर विचारा. ही दोन उत्तरं डॉक्टरांना मोलाची असतात.

दहावी-बारावीच्या मुलांच्या घरच्यांसाठी एक सांगायला हवं. सकाळी उठल्यावर हातातून ब्रश किंवा चहाचा कप उडून पडणं, खांदे एकदम उडणं, हे वारंवार होत असेल तर ती नुसती धांदल नसेल. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका अपस्मारात असे बारीक आचके आधी येतात, आणि जागरणानंतरच्या सकाळी मोठी फिट. परीक्षेचं जागरण आणि चुकलेली गोळी ही जोडी आकड्यांना आमंत्रणच देते. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवायची नाही.

कशाला अपस्मार म्हणायचं नाही

फिट ही घटना आहे, अपस्मार हा आजार. एक फिट आली म्हणजे अपस्मार झाला असं नाही. २०१४च्या व्याख्येनुसार कुठलंही तात्कालिक कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन फिट याव्या लागतात, किंवा एकीनंतर तपासण्यांवरून पुढची येण्याचा धोका मोठा दिसावा लागतो. साखर उतरल्याने आलेली फिट यात मोडत नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये पहिल्याच फिटला ‘अपस्माराचा विद्यार्थी’ असं लिहिणाऱ्यांनी जरा थांबावं.

तापातली आकडीही बहुतेकदा अपस्मार नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना ती कधी ना कधी येते. तिला प्रथमोपचार तोच : वेळ, कुशीवर, तोंडात काही नाही, पाच मिनिटांचा नियम. आकडीत मुलाला थंड पाण्यात बसवू नका. पहिल्या आकडीनंतर ताप कशाचा आहे हे त्याच दिवशी डॉक्टरांनी पाहायला हवं, कारण मेंदूज्वर असेल तर तो निसटता कामा नये. बाळ सहा महिन्यांपेक्षा लहान असेल किंवा आकडीनंतर मान ताठ वाटली तर मुळीच थांबू नये.

परिपाठाला उन्हात उभं असलेलं मूल पांढरंफटक पडून कोसळतं, दोन-चार आचके देतं आणि अर्ध्या मिनिटात ‘काय झालं?’ विचारतं, ती बहुधा भोवळ असते. आडवं ठेवून पाय उंच करा. तणावातून येणाऱ्या, मेंदूतल्या विजेशी संबंध नसलेल्या फिटही असतात. त्यात डोळे बहुधा घट्ट मिटलेले असतात, खऱ्या आकडीत ते उघडे असतात. पण हा फरक पाहून ‘नाटक करते’ म्हणायचा अधिकार कुणाला मिळत नाही. तोही आजारच आहे, आणि निदान करणं आपलं काम नाही. कुणी मोबाइलवर चित्रण केलं तर ते डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं घ्यावं, पालकांना द्यावं आणि आपल्या फोनमधून काढून टाकावं. वर्गाच्या ग्रुपवर ते गेलं तर ते मूल शाळेत परत येणार नाही.

घरचे शाळेपासून लपवतात, अशी शिक्षकांची तक्रार असते आणि ती खरी आहे. मुलगी असेल तर जास्तच. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाला अडथळा मानलेला होता. तो १९९९मध्ये काढून टाकला. कायदा बदलला, सोयरिकीतली कुजबुज मात्र बदलायची आहे. म्हणून शाळेने आजाराचं नाव विचारू नये. विचारायचं ते एवढंच, की फिट कशी दिसते, बहुतेक किती मिनिटं चालते, नंतर मूल किती वेळ झोपतं, आणि स्प्रे आहे का. ही चार उत्तरं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन फोन नंबर एका कागदावर मावतात. तो कागद वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि स्कूल बसच्या ताई, तिघांकडे हवा. मुलं वाढतात आणि स्प्रेचा डोस वजनावर ठरतो. तेव्हा जूनमध्ये शाळा उघडण्याआधी मुलाचं वजन पुन्हा करा, बाटलीची मुदत पाहा आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी नव्याने लिहून घ्या.